प्रोटीनने किडनी खराब होते का? घरात डबा एकच, पिणारे दोघं

अनघा_सुदामानगर
नमस्कार मंडळी. प्रश्न जुनाच आहे पण आमच्याकडे सध्या यावरून रोज जेवताना वाद होतोय म्हणून नीट मांडते, जरा शांतपणे वाचा. माझा दीर, वय २७, वजन ८२ किलो, विजयनगरच्या जिममध्ये जातो. व्हे प्रोटीनचे दोन स्कूप, सोबत क्रिएटिन पावडर, सहा अंडी, पाव किलोला थोडं कमी पनीर आणि घरचं जेवण, असं त्याचं रोजचं. ऑफिसच्या हेल्थ चेकअपमध्ये त्याचं क्रिएटिनिन १.४ आलं, लाल अक्षरात, खाली ईजीएफआर ७१ आणि यूरिया ४८. सासूबाईंनी त्याच दिवशी डबा माळ्यावर टाकला, म्हणाल्या पोराने किडनी घालवली.

आता दुसरं. सासऱ्यांना १८ वर्षांपासून डायबेटीस आहे, वय ६१, वजन ६८. त्यांना फार थकवा येतो म्हणून दिरानेच मध्यंतरी त्यांनाही तेच व्हे दुधातून द्यायला सुरुवात केली होती, सकाळी एक स्कूप संध्याकाळी एक. डबा गेल्यावर ते म्हणतात, ज्याचा रिपोर्ट बिघडला त्याचं बंद करा, माझं का? मग मी फाइल काढून बघितली तर दिवाळीच्या आसपासच्या रिपोर्टात त्यांचं क्रिएटिनिन १.७ होतं, म्हणजे पावडर सुरू व्हायच्याही आधी. तेव्हा कोणी तरी वयामुळे असतं म्हणून सोडून दिलं होतं. तर खरंच प्रोटीनने किडनी जाते का, आणि दोघांचं काय करायचं?

विशाल_फिटनेस
ताई घाबरू नका, हे रोजचंच आहे. मी ट्रेनर आहे, माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या पोरांचं क्रिएटिनिन १.२ ते १.४ असतं. क्रिएटिनिन मसलमधून येतं, मसल जास्त तर क्रिएटिनिन जास्त, त्यात तो क्रिएटिन खातो म्हणजे अजून वाढणारच. प्रोटीनने किडनी खराब होते हे सगळं जुन्या लोकांनी पसरवलेलं आहे, व्हे म्हणजे शेवटी दुधाचंच पाणी आहे, त्याने कोणाला काही होत नाही. दिराचंही चालू ठेवा आणि काकांचंही, या वयात मसल टिकायला प्रोटीन लागतंच.

अनघा_सुदामानगर
बघा म्हणजे दिराचं तुम्ही सांगताय ते तोही सांगतो. पण सासऱ्यांचं क्रिएटिनिन मसलमुळे असेल असं वाटत नाही हो, त्यांचे दंड अगदी बारीक झालेत.

रेणुका_बडोदे
अनघाताई, तुमचा शेवटचा मुद्दा फार बरोबर आहे, तिथूनच सुरू करते. मी बडोद्याला एका नेफ्रॉलॉजी विभागात आहारतज्ज्ञ आहे, रोज हेच बघते. तुमच्या घरात सगळे चुकीच्या माणसाला घाबरलेत. दिराच्या १.४ वरून डबा माळ्यावर गेला आणि सासऱ्यांच्या १.७ कडे कोणाचं लक्ष नाही.

क्रिएटिनिन हा मसलचा कचरा आहे, किडनी तो बाहेर टाकते. म्हणून रक्तात तो वाढण्याची दोन कारणं असू शकतात, एक तर तयारच जास्त होतोय किंवा बाहेर कमी पडतोय. दिराचे मसल भरपूर, वर क्रिएटिन पावडर, आणि ती शरीरात काही प्रमाणात क्रिएटिनिनमध्येच बदलते. त्याच्या बाबतीत विशाल म्हणतात ती शक्यता खरी आहे. सासऱ्यांचं उलट आहे. बारीक झालेल्या माणसाच्या शरीरात क्रिएटिनिन कमी तयार होतं, तरीही १.७ आलंय म्हणजे बाहेर पडणंच कमी झालंय. ६१ वर्षांच्या पुरुषाला १.७ म्हणजे ईजीएफआर, किडनी किती गाळते त्याचा अंदाज, साधारण ४५ येतो, आणि मसल कमी असतील तर खरा आकडा त्याहूनही कमी असू शकतो. वयामुळे असं म्हणून सोडण्यासारखं हे नाही.

म्हणून विशाल, काकांना चालू ठेवा हे मात्र अजिबात करू नका. व्हे दुधाचंच आहे यात वाद नाही, पण १८ वर्षांचा डायबेटीस आणि ४५ ईजीएफआर असलेल्या माणसाला दिवसाला ५० ग्रॅम प्रोटीन वरून देणं आणि तुमच्या जिममधल्या २५ वर्षांच्या पोराला देणं हे एक नाही.

विशाल_फिटनेस
पण मॅडम रिसर्च तर म्हणतो हाय प्रोटीन सेफ आहे. २०१८ चा एक मोठा अभ्यास आहे, २८ ट्रायल्स एकत्र केल्या होत्या.

कौस्तुभ_रामबाग
तो अभ्यास मीही वाचलाय, थोडं सांगतो कारण तो अर्धाच सांगितला जातो. १३०० पेक्षा थोडी जास्त माणसं होती, त्यात हाय प्रोटीन म्हणजे किलोमागे दीड ग्रॅमच्या वर किंवा दिवसाला १०० ग्रॅमच्या वर असं काहीसं धरलं होतं. जास्त प्रोटीन खाणाऱ्यांचा जीएफआर ट्रायलच्या शेवटी किंचित जास्त दिसला, पण सुरुवातीपासून शेवटपर्यंत किती बदलला हे बघितलं तर दोन्ही गटांत फरक नव्हता. म्हणजे निरोगी माणसाची किडनी बिघडली असं दिसलं नाही. पण ही किडनीचा आजार नसलेली माणसं होती आणि बऱ्याचशा ट्रायल्स काही आठवड्यांच्या किंवा महिन्यांच्या होत्या. वीस वर्षं किलोमागे अडीच ग्रॅम खाल्लं तर काय होतं याचं उत्तर त्यात नाहीये. रेणुकाताई, मला तेच विचारायचंय, निरोगी माणसाला सेफ आहे हे तुम्ही ठामपणे म्हणता का?

रेणुका_बडोदे
किलोमागे दीड, अगदी दोन ग्रॅमपर्यंत निरोगी किडनीला इजा झाल्याचा पुरावा नाही, इथवर मी ठामपणे म्हणते. अडीच-तीन ग्रॅम दशकानुदशकं खाल्लं तर काय, हे कोणी नीट मोजलेलंच नाही, त्यामुळे तिथे मी ठाम बोलणार नाही. अनघाताईंच्या दिराचा हिशेब केला तर ८२ किलोला साधारण १६० ग्रॅम होतात, म्हणजे दोनच्या आसपास. आपल्या आयसीएमआरची शिफारस किलोमागे ०.८३ ग्रॅम आहे, म्हणजे तो अडीचपटीच्या थोडं कमी खातोय, पण ०.८३ हा सामान्य माणसाच्या गरजेचा आकडा आहे, त्याच्या वर गेलं की विष असा त्याचा अर्थ नाही.

भीती आली कुठून तेही सांगते, कारण ती अगदी हवेतून आलेली नाही. प्रोटीन खाल्लं की किडनीत रक्त जास्त येतं आणि गाळणी जोरात चालते. १९८२ मध्ये ब्रेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असं मांडलं की हा जोर कायम राहिला तर गाळण्या झिजतात. ज्या किडनीच्या बऱ्याचशा गाळण्या आधीच गेल्यात तिथे ते लागू पडतं, दहा जणांच्या दुकानात चारच माणसं उरली आणि गिऱ्हाइकं वाढवली तर ती चार लवकर आडवी होतात तसं. पण दहाच्या दहा हजर असतील तर तो जोर किडनी सहन करते, पोटातल्या बाळासाठी आईची किडनी नऊ महिने असाच जास्त जोर काढते आणि बाळंतपणानंतर पूर्ववत होते.

२००३ मध्ये अमेरिकेतल्या नर्सेसचा अभ्यास आला होता, ११ वर्षांचा. ज्या बायकांची किडनी ठीक होती त्यांच्यात जास्त प्रोटीनने घसरण दिसली नाही. ज्यांची थोडी कमी होती त्यांच्यात दिसली, विशेषतः मांसाहारी प्रोटीनने. त्यातल्या बऱ्याच जणींना आपली किडनी कमी आहे हे बहुधा जाणवतही नसणार, कारण थोड्या कमतरतेला काही लक्षणच नसतं. सगळी गोम इथे आहे. धोका प्रोटीनच्या डब्यापेक्षा न तपासलेल्या किडनीत आहे.

प्रभाकर_काका
मी वाचतोय, छान माहिती. माझंही विचारतो. वय ६६, राजवाड्याजवळ राहतो. माझ्या लघवीच्या रिपोर्टमध्ये प्रोटीन १ प्लस आलंय. मित्र म्हणाला तुमच्या शरीरात प्रोटीन जास्त झालंय ते लघवीतून बाहेर पडतंय, म्हणून मी डाळ, दही, उसळ सगळं बंद केलंय. पोळी-भाजी आणि भात खातो. बरोबर आहे ना?

रेणुका_बडोदे
काका नाही, हे लगेच थांबवा. लघवीतलं प्रोटीन तुम्ही खाल्लेल्या डाळीचं नसतं. ते तुमच्या रक्तातलं अल्ब्युमिन असतं, जे गाळणीने आत धरून ठेवायला पाहिजे होतं आणि गळतंय. जास्त डाळ खाल्ली म्हणून ते लघवीत येत नाही, तशी डाळ बंद करून गळती थांबणार नाही आणि उलट तुम्ही अशक्त व्हाल. तुम्हाला बीपी किंवा शुगर आहे का?

प्रभाकर_काका
बीपीची गोळी आहे, पण मी रोज नाही घेत, डोकं दुखलं की घेतो.

रेणुका_बडोदे
काका, बीपीची गोळी डोकेदुखीवर घ्यायची नसते, ती रोज असते. माझा जीव डाळीपेक्षा इथे जास्त अडकला. डॉक्टरांना भेटून बीपी नीट लावून घ्या, आणि सकाळच्या पहिल्या लघवीचं एसीआर, म्हणजे अल्ब्युमिन किती गळतंय ते मोजणारी टेस्ट, करून घ्या, १ प्लस हा अंदाज असतो, एसीआर हा आकडा असतो. ताप होता, यूरिन इन्फेक्शन होतं किंवा आदल्या दिवशी खूप चालणं झालं होतं तरी १ प्लस येऊ शकतं. म्हणून एकदा आलं म्हणून घाबरू नका आणि एकदा आलं म्हणून सोडूही नका. डाळ मात्र आज रात्रीपासून परत.

निनाद_लॅबवाला
मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, अनघाताईंच्या दिराच्या टेस्टबद्दल सांगतो. त्याची परत तपासणी करायची असेल तर आहे तशी करू नका, परत १.४ येईल आणि घरात परत गोंधळ होईल. क्रिएटिन पावडर बंद करून महिनाभर थांबा, मसलमध्ये साठलेलं क्रिएटिन निघायला चार-सहा आठवडे लागतात. सॅम्पलच्या आधी दोन दिवस जड व्यायाम नको, आदल्या रात्री चिकन-मटण नको, शिजलेल्या मांसातून तयार क्रिएटिनिन पोटात जातं आणि काही तास आकडा वर दिसतो. पाणी नेहमीसारखंच प्यायचं, मुद्दाम ढसाढसा प्यायचं नाही.

आणि क्रिएटिनिनसोबत सिस्टॅटिन सी करा. ते मसलवर फारसं अवलंबून नसतं. सगळीकडे होत नाही, बऱ्याच लॅब बाहेर पाठवतात, रिपोर्टला दोनेक दिवस जास्त लागतात आणि महागही आहे. पण बॉडीबिल्डर आणि अगदी बारीक माणूस, या दोन टोकांना त्याचा खूप उपयोग होतो. थायरॉइड बिघडलेलं असेल किंवा स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर मात्र सिस्टॅटिनही फसवतं, तसं काही असेल तर आधी सांगायचं. व्हे बंद करायची गरज नाही, क्रिएटिनिन त्याने फारसं हलत नाही, यूरिया मात्र वाढतो. जास्त प्रोटीन खाणाऱ्याचा यूरिया ४५-५० असणं हे त्याच्या ताटाचं प्रतिबिंब आहे, त्यावरून किडनी गेली म्हणायचं नसतं.

रेणुका_बडोदे
निनाद, अगदी नीट सांगितलंत. त्यात एसीआर आणि बीपी जोडा, दोघांचंही. अनघाताई, एक प्रश्न दिराला एकांतात विचारा, सगळ्यांसमोर विचारलं तर खरं बोलणार नाही. तो इंजेक्शनं किंवा जिमच्या कुठल्या गोळ्या घेतो का? मसल वाढवायच्या स्टेरॉइडने गाळण्यांवर डाग पडून लघवीतून धो धो अल्ब्युमिन गेल्याची प्रकरणं नोंदलेली आहेत, आणि नाव प्रोटीनचं होतं. दुसरं, अंगदुखीसाठी पेनकिलर किती खातो? आणि सासरे?

विशाल_फिटनेस
स्टेरॉइडचं मॅडमचं बरोबर आहे, मी माझ्या पोरांना घेऊ देत नाही. पण मॅडम व्हेचं तेवढं बोलता, त्या पेनकिलरबद्दल कोणीच बोलत नाही. लेग डेनंतर पोरं रोज एक गोळी टाकतात, पाणी कमी पितात.

रेणुका_बडोदे
विशाल, हे तुम्ही लाखमोलाचं बोललात. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन ही रोज घेतली तर किडनीकडे जाणारं रक्त कमी करतात, आणि शरीरात पाणी कमी असेल तर अजूनच. जिमच्या पोरांमध्ये जिथे खरंच किडनी दुखावलेली दिसते तिथे मी आधी हे तीन विचारते: स्टेरॉइड, पेनकिलर, आणि अचानक नवखेपणी केलेला प्रचंड व्यायाम, ज्याने मसल फुटून लघवी चहाच्या रंगाची होते. तशी लघवी झाली तर त्याच दिवशी हॉस्पिटल.

मेधा_ग्वाल्हेर
मला माझ्या आईचं सांगायचंय, कारण इथे किडनीच्या पेशंटला प्रोटीन कमी असं सगळे वाचतील आणि तेच घरी करतील. आईची किडनी काही वर्षांपूर्वी कमी होत होती तेव्हा आम्हाला आहारात प्रोटीन कमी करायला सांगितलं होतं, आम्ही अगदी काटेकोर पाळलं. मग डायलिसिस सुरू झालं, आणि तो जुना कागद फ्रिजवर तसाच चिकटलेला होता, आम्ही तेच जेवण चालू ठेवलं. आई खंगत गेली, रक्तातलं अल्ब्युमिन २.८ वर आलं, एकदा बाथरूममध्ये पडली. नंतर एका नवीन आहारतज्ज्ञाने सांगितलं की डायलिसिस सुरू झालं की नियम उलटा होतो. आता रोज दोन अंड्यांचे पांढरे आणि पनीर देतो. हे तेव्हाच कोणी सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं.

रेणुका_बडोदे
मेधाताई, हे लिहिलंत म्हणून खूप आभार, हा प्रकार मी खूप घरांत पाहिलाय. डायलिसिसमध्ये दर वेळी अमिनो ॲसिड्स बाहेर जातात, आणि शरीर मसल मोडत असतं. म्हणून डायलिसिसवर किलोमागे १ ते १.२ ग्रॅम लागतं. डायलिसिसच्या आधी, म्हणजे ईजीएफआर ६० च्या खाली गेलेल्या टप्प्यात, केडीआयजीओ या किडनीच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेत किलोमागे ०.८ धरायला सांगितलंय आणि ज्यांची किडनी पुढे घसरण्याचा धोका आहे त्यांनी १.३ च्या वर जाऊ नये असं म्हटलंय. म्हणजे एकाच माणसाला दोन वेगवेगळ्या टप्प्यांवर दोन उलटी उत्तरं मिळतात, आणि फ्रिजवरचा कागद कधी बदलायचा हे विचारायलाच हवं.

कौस्तुभ_रामबाग
०.६ पण कुठेतरी वाचलंय.

रेणुका_बडोदे
हो, अमेरिकेच्या २०२० च्या मार्गदर्शिकेत डायबेटीस नसलेल्यांना साधारण ०.५५ ते ०.६ आणि डायबेटीसवाल्यांना ०.६ ते ०.८ असं आहे. मी स्वतः बहुतेकांना ०.८ ला ठेवते. ०.६ म्हणजे ६८ किलोच्या माणसाला ४१ ग्रॅम, आणि आपलं ताट तिथवर आणायला गेलं की माणूस एकूणच कमी जेवायला लागतो, वजन उतरतं. काही नेफ्रॉलॉजिस्ट माझ्याशी सहमत नाहीत, ते सोबत अमिनो ॲसिड्सची जागा भरून काढणाऱ्या किटोॲनालॉगच्या गोळ्या देऊन अजून खाली नेतात. त्या पेशंटवर बारीक लक्ष ठेवलं जातं, घरच्या घरी करायची ती गोष्ट नाही.

अनघा_सुदामानगर
सासऱ्यांचं ऐकून पोटात गोळा आला. मी विचारलं, गुडघ्यांसाठी ते मेडिकलवरून पेनकिलर आणतात आणि जवळपास रोज एक घेतात, आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. दिराला पण विचारलं, तो शपथेवर सांगतो इंजेक्शन नाही, फक्त व्हे आणि क्रिएटिन. उद्या डॉक्टरांकडे जातोय. तोपर्यंत सासऱ्यांना काय खायला द्यायचं ते सांगाल का, कारण सासूबाई आता त्यांची डाळही बंद करायला निघाल्यात.

रेणुका_बडोदे
डाळ नका बंद करू. मला त्यांचं एका दिवसाचं खरं जेवण लिहून द्या, जसंच्या तसं.

अनघा_सुदामानगर
सकाळी दुधाचा चहा, मग पोह्यांची प्लेट, वर भरपूर सेव (इंदूरचे आहेत, सेवेशिवाय पोहे त्यांना चालत नाहीत). अकराला पुन्हा चहा. जेवायला तीन पोळ्या, घट्ट तुरीच्या डाळीची वाटी, एक भाजी, दह्याची वाटी, लोणचं. संध्याकाळी मूठभर फुटाणे. रात्री दोन पोळ्या, मुगाच्या डाळीची वाटी, झोपताना कपभर दूध. शिवाय व्हेचे दोन स्कूप, तेही दुधातून.

रेणुका_बडोदे
बघा, आपण डोळ्यासमोर ठेवून मोजू. पोहे आणि सेव मिळून आठेक ग्रॅम. दोन चहांच्या दुधातून चार. दुपारच्या पोळ्यांचे दहा, डाळीचे सात, भाजीचे दोन, दह्याचे पाच. फुटाण्यांचे पाच. रात्रीच्या पोळ्यांचे सात, डाळीचे सात, दुधाचे सहा. एकूण ६१ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे ६८ किलोच्या माणसाला किलोमागे ०.९. घरचं साधं जेवण असूनही ते ०.८ च्या थोडंसं वरच आहे. त्यावर व्हेचे ५० आणि त्याच्या दुधाचे वेगळे, म्हणजे १११ च्याही वर, १.६ च्या पुढे. १.३ ची रेषा फक्त डब्याने ओलांडली गेलीये.

म्हणून डबा बंद केला की मोठं काम तिथेच होतं. ०.८ ला आणायला फारतर झोपतानाचं दूध कमी करा, तेही डॉक्टरांनी पोटॅशियम आणि फॉस्फरस बघितल्यावर. डाळ-पोळी तशीच राहू द्या. आता जे मी बंद करीन ते वेगळंच आहे: सेव आणि लोणचं. मिठाने बीपी वाढतं, आणि अल्ब्युमिनची गळती कमी करणाऱ्या गोळ्यांचा परिणामही मीठ जास्त असेल तर कमी होतो. सकाळचे पोहे लिंबू-कोथिंबीर घालून, सेव चिमूटभर. आणि कमी सोडियमचं म्हणून मिळणारं मीठ आणू नका, त्यात पोटॅशियम असतं, किडनी कमी असलेल्याला ते धोक्याचं.

इन्सुलिन घेतात का? घेत असतील तर जेवण एकदम कमी करू नका, शुगर खाली जाईल. आणि डॉक्टरांना थकव्याचं नक्की सांगा. किडनी कमी झाली की हिमोग्लोबिन उतरतं, माणूस थकतो. तुम्ही ज्या थकव्यासाठी प्रोटीन दिलंत तो थकवा किडनीचाच असू शकतो.

अनघा_सुदामानगर
इन्सुलिन नाही, गोळ्या आहेत. धन्यवाद ताई. कळवते.

शिरीष_एकबोटे_वाडा
मी माझ्या बहिणीला किडनी दिलेली आहे. मला किती चालेल? माझा ईजीएफआर ६८ आहे, बाकी ठणठणीत. जिममध्ये ट्रेनर दीड ग्रॅम सांगतो.

रेणुका_बडोदे
शिरीषदादा, दात्याचा ६८ हा ठीक आकडा आहे, एकच किडनी जास्तीचं काम करून तिथे येते. पण म्हणूनच तुमची गाळणी आधीच जोरात चालू आहे, आणि तिला आणखी जोर द्यायला मी सांगणार नाही. १ च्या आसपास ठेवा असं मी म्हणते. दात्यांना १.५ ने काही होतं असं दाखवणारा अभ्यास माझ्याकडे नाही, ही सावधगिरी आहे. पेनकिलर मात्र नकोच, आणि वर्षातून एकदा बीपी, एसीआर, क्रिएटिनिन.

विशाल_फिटनेस
इथे मी मॅडमच्या बाजूने. पण निरोगी पोरांना दोनपर्यंत मी सांगतच राहणार.

अनघा_सुदामानगर
अपडेट देते, मध्ये बराच वेळ गेला. सासऱ्यांचं क्रिएटिनिन त्या वेळी १.९ निघालं, ईजीएफआर ४०, एसीआर ४२०, पोटॅशियम ५.६, हिमोग्लोबिन ९.८, बीपी १५०/९०. नेफ्रॉलॉजिस्टनी पेनकिलर आणि पावडर दोन्ही त्याच दिवशी बंद केलं, बीपीची गोळी बदलली, लोहाची तपासणी लावली. महिन्याने क्रिएटिनिन १.८ आलं आणि पोटॅशियम ४.९. पेनकिलर सुटल्याने की पावडर सुटल्याने हे डॉक्टर सांगू शकले नाहीत, म्हणाले दोन्ही एकदम बंद केलं तर वेगळं करता येत नाही, आणि करायची गरजही नाही. लोहाची कमतरता निघाली, त्याचं औषध सुरू झालंय.

दिराने क्रिएटिन महिनाभर बंद ठेवलं, व्हे चालूच होतं. क्रिएटिनिन १.२, सिस्टॅटिन सी ०.८५, त्यावरून ईजीएफआर ११० काढून दिला लॅबने. एसीआर ६. बीपी १२२/७६. यूरिया मात्र अजून ४४.

निनाद_लॅबवाला
वा, दिराचा यूरिया बघा, प्रोटीन चालू आहे म्हणून तो ४४, आणि बाकी सगळं छान. हा रिपोर्ट जपून ठेवा, पुढे कधी क्रिएटिनिन वर दिसलं तर तुलना याच्याशी करायची.

रेणुका_बडोदे
अनघाताई, सासऱ्यांचा एसीआर ४२० आहे, हा आकडा मला सगळ्यात जास्त महत्त्वाचा वाटतो. तो खाली आणणं हे आता डॉक्टरांच्या गोळ्यांचं आणि मिठाचं काम आहे, तीन महिन्यांनी परत मोजतील. दर फेरीला त्या आकड्याचं विचारायचं, फक्त क्रिएटिनिन बघून यायचं नाही. सासूबाईंनी डाळ पुन्हा सुरू केली का?

अनघा_सुदामानगर
हो, पण वाटी अर्धीच देतात, म्हणतात अर्धी किडनी अर्धी वाटी. मी त्यांना तुमचा ६१ ग्रॅमचा हिशेब वाचून दाखवला, तरी मनातून भीती जात नाही त्यांच्या. सेव मात्र सासऱ्यांनी स्वतःहून सोडलीये.

रेणुका_बडोदे
वजन लिहून ठेवा, आठवड्याला एकदा, एकाच काट्यावर. वजन उतरायला लागलं तर सासूबाईंना घेऊन आहारतज्ज्ञाकडे जा, त्यांच्या समोर वाटी मोजून दाखवली की पटेल.

कौस्तुभ_रामबाग
एक शंका राहिली. दिराला क्रिएटिन पुन्हा सुरू करायचं असेल तर? किडनी ठीक आहे हे कळलंय, पण पुढच्या ऑफिस चेकअपला परत १.४ येणार आणि परत सगळं तेच.

निनाद_लॅबवाला
फॉर्मवर लिहायचं, क्रिएटिन चालू आहे म्हणून, आणि तोंडीही सांगायचं. नाहीतर सिस्टॅटिनच करा. आमच्याकडे असं कोणी लिहित नाही, मग बिचाऱ्या डॉक्टरला काय कळणार.

प्रभाकर_काका
माझं एसीआर ५५ आलंय. बीपीची गोळी रोज सुरू केलीये. डॉक्टर म्हणाले तीन महिन्यांनी परत. तोपर्यंत उसळ खाऊ शकतो ना रेणुकाताई?

रेणुका_बडोदे
खा काका, मीठ कमी घालून.